विश्लेषण : गॅस घरात आला, भाकरी मात्र चुलीवरच! धुराचा हिशेब चुकतो कुठे?

होटगी जंक्शनवर रेल्वेच्या वाटा फुटतात. एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरकडे. स्टेशनच्या आसपासच्या गावांमध्ये सकाळच्या स्वयंपाकालाही असेच दोन फाटे फुटलेले दिसतात. चहा, दूध आणि कालवण गॅसवर होते, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. ओट्यावर सिलिंडर आहे आणि परसात तुराट्यांचा भारा व गोवऱ्यांची रासही आहे. सरकारी नोंदीत हे घर ‘धूरमुक्त’ ठरते. त्या घरातल्या बाईच्या फुप्फुसांच्या लेखी मात्र ते तसे नसते. स्वयंपाकाच्या इंधनाने होणारे घरातले हवाप्रदूषण हा प्रश्न आता ‘गॅस मिळाला की नाही’ एवढाच उरलेला नाही. गॅस आल्यानंतरही चूल दिवसातून किती वेळ पेटते, हा खरा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारतच नाही.

आकडेवारी काय सांगते आणि काय लपवते?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. योजनेतील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यक्रमात दिली गेली. आता ही संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे. एवढ्या कमी काळात एवढ्या घरांत गॅस पोहोचणे ही छोटी गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या घरांचे प्रमाण देशात ५८.६ टक्के निघाले. महाराष्ट्रात ते जवळपास ८० टक्के होते.

पण हे सर्वेक्षण विचारते काय? तुमच्या घरात स्वयंपाकासाठी ‘मुख्यतः’ कोणते इंधन वापरता? गॅसवर चहा-भाजी आणि चुलीवर भाकरी करणारी बाई साहजिकच ‘गॅस’ असे उत्तर देते. तिचे उत्तर खोटे नसते, पण त्यात दुसरी चूल गायब होते. घरातल्या धुरामुळे किती मृत्यू झाले याचे अंदाज बांधतानाही बहुतेक वेळा याच ‘मुख्य इंधना’चा आधार घेतला जातो. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे ६ लाख १० हजार मृत्यू घरातल्या हवाप्रदूषणाशी जोडलेले होते आणि १९९०च्या तुलनेत हा मृत्युदर ६४ टक्क्यांनी घटला होता. घट खरी आहे. मात्र जिथे चूल विझली आणि जिथे ती अर्धवट पेटती राहिली, ती दोन्ही घरे या हिशेबात एकाच रकान्यात बसतात.

धूर मोजायचा कुठे?

लाकूड, काटक्या किंवा शेणाची गोवरी पूर्ण जळत नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. यातले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे ‘पीएम २.५’, सर्वांत घातक. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसातल्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांचा परिणाम रक्तवाहिन्यांपर्यंत जातो.

सोलापूर शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. शहरातली हवा मोजली जाते, ती रस्त्यांवर आणि चौकांत. होटगीतल्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात कोणतेही यंत्र नाही. देशात बाहेरच्या हवेसाठी मानके आहेत, घरातल्या हवेसाठी नाहीत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या काही खेड्यांत एक साधी गोष्ट केली. हवा मोजणारे यंत्र गावाच्या चौकात न ठेवता त्यांनी ते चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर लावले. गावाची हवा स्वच्छ दिसत असतानाही त्या बाईचा श्वास किती धुराचा आहे, हे त्यातून उघड झाले. या विषयातला कळीचा मुद्दा आजही तोच आहे. धूर किती निघाला यापेक्षा कोणाच्या छातीत किती गेला, हे महत्त्वाचे.

निम्मी चूल म्हणजे निम्मा धोका?

एक साधे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी गोल केलेले आहेत, पण ते अशा स्वयंपाकघरांत आढळणाऱ्या पातळीच्या आसपासचे आहेत. समजा, चूल पेटलेली असताना बाईच्या नाकाजवळ पीएम २.५चे प्रमाण घनमीटरमागे १००० मायक्रोग्रॅम असते आणि उरलेल्या वेळी ५०. सगळा स्वयंपाक चुलीवर असेल आणि ती दिवसाला तीन तास चुलीपुढे असेल, तर चोवीस तासांची सरासरी सुमारे १६९ निघते.

आता घरात गॅस आला. चुलीवर फक्त भाकरी उरली. चूल पेटवणे, भाकऱ्या भाजणे आणि विझती चूल धुमसत राहणे धरून दीड तास. सरासरी येते सुमारे १०९. म्हणजे चुलीचा वेळ निम्मा झाला, पण श्वासातला धूर फक्त ३५ टक्क्यांनी घटला. चूल पूर्ण बंद झाली तर सरासरी ५०वर येते. भारताचे बाहेरच्या हवेसाठीचे चोवीस तासांचे मानक ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५. म्हणजे निम्मी चूल बंद करणारे घर मानकाच्या बरेच वरच राहते. पूर्ण बंद करणारे घर निदान देशाच्या मानकाच्या खाली येते.

यात आणखी एक अडचण आहे. धूर आणि आजार यांचे नाते सरळ रेषेचे नाही. हृदयविकारासारख्या आजारांत धोका सुरुवातीच्या थोड्या धुरानेच झपाट्याने चढतो आणि पुढे त्याची चढण मंदावते. त्यामुळे १६९वरून १०९वर आल्याने मिळणारा आरोग्याचा फायदा हा १०९वरून ५०वर येण्याच्या फायद्यापेक्षा कमी असतो. ‘निम्मे तरी झाले’ हे समाधान म्हणूनच फसवे आहे. शेवटची चूल विझण्यातच सर्वांत मोठी कमाई आहे.

पण भाकरीच का अडते?

बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ सवयीचा किंवा चवीचा मामला वाटतो. चवीचा भाग आहेच, पण त्यामागे ज्वारीचा स्वभावही आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाण्यात मळून, हाताने थापून ती भाकरी तव्यावर टाकावी लागते. वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी तवा बाजूला सारून जाळासमोर किंवा निखाऱ्यावर धरायची. तेव्हा ती टम्म फुगते. चुलीत तव्याखाली जाळ आणि तोंडाशी निखारे एकाच वेळी मिळतात. एक भाकरी तव्यावर आणि दुसरी निखाऱ्यापाशी उभी, असे काम झपझप उरकते.

घरगुती गॅसचा बर्नर लहान. त्याची आच मोठ्या लोखंडी तव्याच्या मधोमध लागते. भाकरी मध्ये करपते आणि कडा कच्च्या राहतात. शेकायला प्रत्येक वेळी तवा उतरवावा लागतो किंवा दुसरा बर्नर पेटवावा लागतो. सोलापूरची कडक भाकरी तर पातळ थापून मंद आचेवर बराच वेळ वाळवावी लागते. गॅसवर तेवढा वेळ ज्योत जाळणे बाईच्या जिवावर येते. इंडक्शनची शेगडी इथे फारशी कामाची नाही, कारण तिच्यावर ज्योतच नसते. धोरण दिल्लीत ठरते आणि तिथे स्वयंपाक म्हणजे डाळ, भाजी, पोळी असे गृहीत धरले जाते. त्या गृहीतकात ज्वारीची भाकरी कुठेच नसते.

सिलिंडरचे गणित

शेतात राबणाऱ्या पाच-सहा माणसांच्या घरात दिवसाला वीस भाकऱ्या सहज लागतात. मोठा बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस खातो. भाकरीसाठी रोज एक तास ज्योत धरली, तर १४.२ किलोचा सिलिंडर ९५ दिवसांत संपतो. म्हणजे निव्वळ भाकरीला वर्षाकाठी जवळपास चार सिलिंडर. उज्ज्वला लाभार्थ्यांचा सरासरी वापर २०१९-२० मध्ये वर्षाला तीन सिलिंडर होता आणि २०२३-२४ मध्ये तो चारच्या आसपास पोहोचला. भाकरीला लागतो तेवढाच गॅस या घरांत वर्षभरात एकूण जळतो. मग तो भाकरीवर जाळायचा की चहा, भात, कालवण आणि बाळाच्या दुधावर, ही निवड बाई रोज करते आणि शहाणपणाने करते. दहा मिनिटांच्या कामासाठी चूल पेटवणे परवडत नाही. तासाभराच्या कामासाठी गॅस जाळणे परवडत नाही.

आंघोळीच्या पाण्याचा हिशेब तर आणखी बोलका आहे. पंधरा लिटरची बादली २५ अंशांनी तापवायची आणि अशा पाच बादल्या, तर रोज पाव किलोहून थोडा जास्त गॅस लागतो. एक सिलिंडर पन्नास दिवसांत खलास. पाणी तापवणे हे स्वयंपाकाएवढेच इंधन खाणारे काम आहे. ते गॅसवर जाईल अशी अपेक्षा धरणेच चुकीचे.

पैशाचा भाग यातच येतो. उज्ज्वलाच्या सिलिंडरवर ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे जाहीर केले. पण सिलिंडर दारात येतो तेव्हा आधी पूर्ण रक्कम मोजावी लागते आणि अनुदान मागून खात्यात येते. तुराट्या मात्र रानातून फुकट येतात. त्यासाठी बाईचा वेळ आणि पाठ खर्ची पडते, पण त्याचा भाव कुठल्याच दरपत्रकात नसतो.

छातीत काय होते आणि ते ओळखायचे कसे?

धुराने होणाऱ्या आजारांची यादी मोठी आहे : लहान मुलांचा न्यूमोनिया, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू. पण चुलीशी सर्वांत जवळचे नाते आहे ते सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याच्या आजाराचे. हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार मानला जात असे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने हा समज हलवला. कधीही धूम्रपान न केलेल्यांतही हा आजार मोठ्या प्रमाणावर असतो आणि जगभरात त्यामागचे एक मोठे कारण चुलीचा धूर आहे, हे त्यांनी मांडले.

तरीही दवाखान्यात तो निसटतो. पन्नाशीची बाई येते. खोकला आहे, चढ चढताना किंवा पाण्याची घागर आणताना दम लागतो. डॉक्टर विचारतात, बिडी ओढता का? नाही. घरात कोणाला क्षय? नाही. एक्स-रे सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा ठीकच दिसतो. मग ‘वय झालं’ किंवा ‘दमा आहे’ असे सांगून गोळ्या दिल्या जातात. दमा आणि सीओपीडी यांत फरक आहे. दमा बहुधा लहान वयात सुरू होतो, झटक्याझटक्याने येतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये माणूस मोकळा श्वास घेतो. सीओपीडीत दम हळूहळू, वर्षानुवर्षे वाढत जातो आणि मागे फिरत नाही.

खात्री करण्याची चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. दीर्घ श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे. श्वासनलिका मोकळी करणारे औषध ओढल्यानंतरही एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर आली, तर नलिका आकसल्या आहेत असे समजतात. ही चाचणी गावपातळीवर सहजी होत नाही. पण त्याआधीची पायरी विनाखर्च आहे : रोजचे चुलीपुढचे तास गुणिले वर्षे. म्हैसूर भागात झालेल्या एका अभ्यासात हा गुणाकार ६०च्या पुढे गेला की जुनाट खोकल्याच्या आजाराचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला. अठराव्या वर्षी लग्न होऊन रोज तीन तास चुलीपुढे बसणारी बाई हा आकडा ३८व्या वर्षी गाठते. म्हणजे म्हातारपणाच्या कितीतरी आधी. ‘बिडी ओढता का’ या प्रश्नाच्या जोडीला ‘चुलीपुढे किती तास आणि किती वर्षे’ हा प्रश्न केसपेपरवर छापला, तरी असे कितीतरी आजार वेळेत पकडले जातील.

गॅस दिला की आजार लगेच थांबतात?

इथे उत्साहाला थोडा आवर घालायला हवा. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ‘हॅपिन’ नावाची मोठी चाचणी झाली. भारतातला भाग तमिळनाडूत होता. सुमारे ३२०० गर्भवती महिलांपैकी निम्म्यांना गॅसची शेगडी आणि दीड वर्ष मोफत गॅस मिळाला. त्यांच्या श्वासातले पीएम २.५ दुसऱ्या गटातल्या सुमारे ७०च्या तुलनेत २४ वर आले. घट मोठी होती. तरीही बाळांच्या जन्मवजनात आणि तान्ह्या बाळांच्या गंभीर न्यूमोनियात ठोस फरक दिसला नाही.

यावरून ‘धूर निरुपद्रवी आहे’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. गॅस मिळाला तोवर गरोदरपणाचे काही आठवडे उलटून गेले होते, आणि दीड वर्षात फुप्फुसाचा जुनाट आजार मोजताच येत नाही. चीनच्या युनान प्रांतातल्या शुआनवेई भागात कोळशाच्या शेगड्यांना धुराडी बसवल्यावर सीओपीडी आणि फुप्फुसाचा कर्करोग दोन्ही घटले, पण ती घट स्पष्ट दिसायला सुमारे दहा वर्षे लागली. यातून घ्यायचा धडा असा : चूल बंद करण्याचे समर्थन ‘उद्याचे बाळ जाड होईल’ या आश्वासनावर उभे करू नये. ते बाईच्या पुढच्या वीस वर्षांच्या श्वासावर उभे करावे. ते पुरेसे आहे.

मग करायचे काय?

‘सुधारित चूल’ हा उपाय देशाने एकदा करून पाहिला आहे. १९८३ साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम कोट्यवधी चुली वाटून २००२ मध्ये गुंडाळला गेला. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी अशा चुलींचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी श्वासातला धूर घटला. नंतर चिरा पडल्या, धुराडे काजळीने तुंबले, कोणी साफ केले नाही आणि फरक संपला. वाटप मोजले गेले, वापर मोजला गेला नाही. उज्ज्वलाच्या बाबतीत तीच चूक दुसऱ्या रूपात होते आहे. जोडण्या मोजल्या जातात, माणशी किती किलो गॅस जळतो ते गावनिहाय जाहीर होत नाही. गॅस कंपन्यांकडे ही माहिती रिफिलच्या नोंदींत तयार असते. ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘धूरमुक्त गाव’ लिहिण्याआधी ती तिथे लावली पाहिजे.

दुसरी गोष्ट, भाकरी आणि पाणी यांचा विचार वेगळा केला पाहिजे. पाणी तापवण्याची चूल किंवा बंब बहुतेक घरांत परसात असतो. धूर मोकळ्या हवेत जातो आणि बाई सतत त्याच्यासमोर बसत नाही. सोलापूरसारख्या उन्हाच्या जिल्ह्यात पाणी सौर तापकावर जाऊ शकते, पण तोवर ती चूल बाहेर असणे चालून जाईल. भाकरीच्या चुलीचे तसे नाही. तिच्यापुढे बसल्याशिवाय भाकरी होत नाही आणि पावसाळ्यात ती घरातच पेटते. म्हणून गॅसवर पहिला हक्क भाकरीचा असावा. वर्षाला भाकरीपुरते चार सिलिंडर जास्तीचे, अनुदान आधीच वजा करून, हा थेट हिशेब आहे. जोडीला तव्याच्या कडांपर्यंत आच देणारा रुंद बर्नर उज्ज्वलाच्या शेगडीत यायला हवा. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत, त्यांना दोन घनमीटरच्या गोबरगॅसवर भाकरी भाजता येते, कारण त्याला ज्योत असते. मात्र शेणाएवढेच पाणी रोज त्यात ओतावे लागते आणि टंचाईच्या उन्हाळ्यात तिथेच गाडी अडते.

तोवर चूल पेटणारच असेल, तर ती ओसरीबाहेर छपराखाली हलवणे, जळण दोन-तीन आठवडे पूर्ण वाळवून वापरणे आणि मूल कडेवर घेऊन चुलीपुढे न बसणे, एवढे तरी आजच होऊ शकते. ही मलमपट्टी आहे, उपाय नव्हे. बाहेर हलवलेल्या चुलीचा धूर शेजारच्या दारात जातोच.

जोडण्यांचे उद्दिष्ट पूर्ण झाले आहे. आता मोजायचे आहे ते एवढेच, की होटगीतली भाकरी कशावर भाजली जाते.